दगडी, तिवा आणि इंजेक्शनची घाई

नेदरलँड्समधल्या एका रुग्णालयात सहा महिन्यांच्या मुलीवर शस्त्रक्रिया व्हायची होती. त्याआधीच्या नेहमीच्या तपासणीत तिच्या अंगावर एमआरएसए सापडला. हा स्टॅफिलोकॉकस जातीचा जंतू मेथिसिलिन आणि त्याच्या कुळातल्या बहुतेक औषधांना दाद देत नाही. तिथल्या रुग्णालयांत तो फार क्वचित आढळायचा, त्यामुळे डॉक्टर चक्रावले. आई-वडिलांची तपासणी केली, तर त्यांच्याही अंगावर तोच जंतू. कितीदा उपचार केले तरी तो परत यायचा. हे कुटुंब डुकरे पाळणारे होते, आणि शोध अखेर त्यांच्या गोठ्यापर्यंत पोचला.

मग त्या भागातल्या 26 डुक्करपालकांना तपासले गेले. त्यातल्या 6 जणांकडे एमआरएसए निघाला. रुग्णालयात दाखल होणाऱ्या सामान्य डच माणसांच्या तुलनेत हे प्रमाण 760 पटींहून अधिक होते. जनावरातून मालकाकडे, मालकाकडून घरच्यांकडे आणि रुग्णालयात परिचारिका व रुग्ण यांच्यात, असा या जंतूचा प्रवास संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध केला. यात कोणी मांसातून काही खाल्ले होते असे नव्हे. रोजचा सहवास पुरेसा होता.

गोठ्यात औषध टोचले की ते फक्त आजार करणाऱ्या जंतूंवर चालत नाही. जनावराच्या आतड्यात, कातडीवर, नाकात कोट्यवधी निरुपद्रवी जंतू असतात, त्यांनाही ते लागते. त्यातले औषध पचवणारे थोडे तगतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. शिवाय ही ताकद पुष्कळदा डीएनएच्या एका छोट्या कड्यावर असते, आणि एक जंतू त्या कड्याची नक्कल शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. म्हणून गायीच्या आतड्यातला साधा ई. कोलाय आपण आजारी न पाडताही माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूच्या हाती हत्यार देतो. पुढे शेण, गोमूत्र, गोठ्यातले सांडपाणी, न उकळलेले दूध आणि धार काढणाऱ्याचे हात, एवढ्या वाटा त्याला मोकळ्या असतात. माणसांत दिसणाऱ्या प्रतिरोधाला माणसांनी घेतलेली औषधेही मोठ्या प्रमाणात कारण आहेत, हे खरेच. पण गोठ्यातला वाटा कमी करणे पशुपालकाच्या हातात आहे, आणि त्यातला बराचसा भाग गरज नसताना दिलेल्या डोसांचा असतो.

तिवा घ्या. पावसाळ्याच्या सुमारास धडधाकट गाय एकाएकी तापते, लंगडते, चारा सोडते, दूध उतरते. मालक घाबरतो आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन मागतो. तिसऱ्या दिवशी गाय उठून खाऊ लागली की श्रेय इंजेक्शनला जाते. पण तिवा विषाणूमुळे होतो, प्रतिजैविकाचा विषाणूवर परिणाम होत नाही, आणि बहुतेक गायी तीन-चार दिवसांत आपोआपच सावरतात. त्यांना लागते ताप-वेदना कमी करणारे औषध, सावली, पाणी आणि बसलेल्या गायीला कूस बदलून देणे. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीसुद्धा विषाणूचेच. तिथे प्रतिजैविकाची गरज पडते ती जखमा चिघळल्या किंवा फुप्फुसात दुसरा जंतुसंसर्ग झाला तर, आणि ते ठरवायचे पशुवैद्यकाने.

दगडीचा, म्हणजे कासदाहाचा, प्रश्न अधिक नाजूक आहे. इथे जंतू बहुतेकदा खरेच असतात, तरीही प्रत्येक वेळी सडात ट्यूब सोडणे गरजेचे नसते. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढाव्यात. गुठळ्या, चिरका किंवा पाण्यासारखे दूध लगेच दिसते. चार वाट्यांच्या ताटलीत प्रत्येक सडाचे थोडे दूध घेऊन त्यात तेवढेच सीएमटीचे द्रावण घालून हलवले, की बाधित सडाचे दूध घट्ट, चिकट होते. त्यावरून कोणत्या सडात दाह आहे ते कळते. जंतू कोणता, ते मात्र कळत नाही.

खरा निर्णय इथेच असतो. गायीला ताप आहे, ती खात नाही, कास गरम आणि दगडासारखी आहे, तर वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवायचे. उशीर झाला तर सड आणि गाय दोन्ही हातची जातात. पण गाय चरते आहे, ताप नाही, दुधात फक्त थोड्या गुठळ्या आहेत, तर एक दिवस थांबता येते. आधी नमुना घ्यायचा: सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे, पहिल्या धारा सोडून द्यायच्या, निर्जंतुक बाटली तिरपी धरून तिच्या तोंडाला बोट न लावता दूध घ्यायचे आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे. हे सगळे औषध देण्याआधी. आधी इंजेक्शन झाले असेल, तर नमुन्यात जंतू वाढेलच असे नाही आणि तपासणी फुकट जाते.

अमेरिका आणि कॅनडातल्या काही गोठ्यांवर अशी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. एका गटातल्या गायींना दगडी दिसताच ट्यूब दिली. दुसऱ्या गटात नमुना गोठ्यावरच वाढवून 24 तास वाट पाहिली आणि ज्यांत ग्रॅम-पॉझिटिव्ह प्रकारचे जंतू निघाले त्यांनाच औषध दिले. दुसऱ्या गटात औषधाचा वापर जवळपास निम्मा झाला. बरे होण्याचा काळ, आजार परत होणे, पुढचे दूध, यांत लक्षणीय फरक पडला नाही. कारण सोपे आहे. ई. कोलायची सौम्य दगडी पुष्कळदा गुठळ्या दिसेपर्यंत गायीनेच आटोक्यात आणलेली असते, आणि बऱ्याच नमुन्यांत जंतू उगवतच नाहीत.

औषध सुरू करायचेच झाले, तर ते पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत आणि तितके दिवस. गुठळ्या गेल्या म्हणून दुसऱ्याच दिवशी थांबलेल्या गायीत कासेच्या आत लपलेला स्टॅफिलोकॉकस महिन्याभराने पुन्हा डोके वर काढतो, मग दुसरी ट्यूब, मग तिसरी. औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस विकायचे नाही तेही लिहिलेले असते. ते न पाळलेल्या दुधाचे दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जंतूही मरतात. उकळल्याने औषधाचा अंश पूर्ण जात नाही. हे दूध फेकायला जिवावर येते म्हणून अनेक ठिकाणी वासराला पाजतात. त्यामुळे वासराच्या पोटात पहिल्याच महिन्यांत औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात, आणि पुढे हगवण लागली की नेहमीचे औषध लागू पडत नाही.

वापर कमी केल्याचा फायदा माणसांपर्यंत पोचतो का, याचे उत्तर चीनमधून मिळाले. कोलिस्टिन हे रुग्णालयात दुसरे काही चालेनासे झाल्यावर वापरायचे औषध. तिथे ते डुकरे लवकर वाढावीत म्हणून चाऱ्यात घातले जाई. त्याला निष्प्रभ करणारा, जंतूंमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा एमसीआर-1 हा जनुक 2015 साली तिथेच उघड झाला. 2017 मध्ये चीनने चाऱ्यातला हा वापर बंद केला. भारतानेही 2019 मध्ये खाद्य-प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. चीनमध्ये डुकरांतल्या कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण सुमारे 34 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर उतरले. निरोगी माणसांत हा जनुक 2016 साली सुमारे 14 टक्के लोकांच्या आतड्यात होता, तो 2019 साली 6 टक्क्यांवर आला. त्या माणसांनी स्वतः काहीही बदलले नव्हते. बदल डुकरांच्या चाऱ्यात झाला होता.