सकाळचा एक प्रश्न आणि संध्याकाळचा आकडा

मुलाखतीच्या तयारीची एक अगदी साधी पद्धत आहे. रोज सकाळी एकच प्रश्न घ्यायचा, तो मोठ्याने वाचायचा, दोन मिनिटं उत्तर द्यायचं आणि मग स्वतःला पाचपैकी गुण द्यायचे. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात ती सोयीचीही पडते, कारण इथला अभ्यास बहुतेकदा लोकल पकडण्याआधीच्या वेळेत बसवावा लागतो. पद्धतीत काही खास दिसत नाही. पण तिचा एकेक भाग उलगडला की स्मरणशक्तीविषयीचे काही अजब शोध हाती लागतात. त्यातला सर्वात अजब शोध प्रश्नाबद्दल नाही, शेवटच्या गुणांबद्दल आहे.

स्पर्धा परीक्षांची मुलाखत डोळ्यांपुढे ठेवू. ठाण्यात महानगरपालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. 1918 च्या आयसीएस परीक्षेत पहिले आलेले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले सी. डी. देशमुख यांचं नाव तिला दिलेलं आहे. तिथून आणि आजूबाजूच्या अभ्यासिकांमधून दरवर्षी मुलं यूपीएससी, एमपीएससीच्या मुलाखतीपर्यंत पोहोचतात. यूपीएससीच्या अंतिम यादीसाठी 2025 गुण धरले जातात: लेखीचे 1750 आणि मुलाखतीचे 275. लेखीची तयारी वर्ष-दोन वर्षं चालते. मुलाखतीसाठी हाती उरतात ते थोडे आठवडे, आणि त्यात करायचं असतं ते काम पूर्वी फारसं केलेलंच नसतं: अनोळखी माणसांसमोर बोलत बोलत विचार करणं.

मग रोज एकच प्रश्न का? रविवारी बसून सात प्रश्न का नाहीत? ब्रिटनच्या टपाल खात्यात ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना हेच तपासलं. त्यांचा अभ्यास 1978 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दिवसातून एकच तास सराव होता, दुसऱ्याला दिवसातून दोनदा दोन-दोन तास. कळफलक हाताखाली यायला पहिल्या गटाला साधारण 35 तास लागले, दुसऱ्याला सुमारे 50. म्हणजे थोडं थोडं करणाऱ्यांना एकूण तास कमी लागले. पण गंमत पुढे आहे. आपल्या सरावावर सर्वात नाखूश असलेला गटही हाच होता. दिवस जास्त लागत असल्याने आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. शिकणं जोरात चाललेलं असताना शिकणाऱ्याला मात्र उलटंच जाणवत होतं.

आणि उत्तर बोलायचंच का, टिपणं वाचून भागत नाही का? हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात 56 टक्के मजकूर होता, वाचणाऱ्यांच्या 42 टक्के. आठवायला लागणारा जोर हीच स्मरणाची मशागत असते. सकाळी कोऱ्या डोक्याने, टिपणं न उघडता, अडखळत दिलेलं उत्तर म्हणूनच कामाचं ठरतं. तेव्हा वाटणारा अवघडपणा ही सराव लागू पडत असल्याची खूण आहे.

इथपर्यंत एक धागा स्पष्ट दिसतो. सराव कसा चाललाय याची आपली आतली जाणीव बेभरवशाची असते. आणि या पद्धतीतला शेवटचा आकडा तर नेमका त्या जाणिवेवरच उभा आहे.

उत्तर संपल्या संपल्या गुण दिले तर काय होतं? एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्म्या वेळा तरी ओळखता येईल. प्रत्यक्षात 120 गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, वाद्यं सगळं चालू असतं. समोरच्याला ऐकू येते ती नुसती टकटक.

मुलाखतीचं उत्तर देतानाही हेच घडतं. आपल्या डोक्यात सगळी पार्श्वभूमी, आकडे, न बोललेली कारणं असतात. तोंडातून त्यातलं निम्मंच बाहेर येतं, पण आपण गुण देतो ते पूर्ण गाण्याला. यावर पहिला उपाय सरळ आहे: उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करायचं.

दुसरा उपाय मात्र सहज सुचणारा नाही. गुण उशिरा द्यायचे. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी 1991 मध्ये लोकांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या आणि प्रत्येक जोडी पुढे आठवेल का, याचा अंदाज विचारला. जोडी बघून झाल्या झाल्या विचारलं तर अंदाज बरेच चुकत. थोडा वेळ मध्ये जाऊ देऊन विचारलं तर तेच लोक आश्चर्य वाटावं इतके अचूक ठरत. लगेच विचारल्यावर जोडी अजून मनात ताजी असते, तेव्हा माणूस त्या ताजेपणालाच ज्ञान समजतो. शब्दांच्या जोड्या आणि मुलाखतीचं उत्तर यांत अंतर आहे, पण हा ताजेपणाचा भुलावा दोन्हीकडे सारखाच. सकाळचं उत्तर संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकलं, की आपण आपल्या उत्तराचे कर्ते उरत नाही, श्रोते होतो. रेकॉर्डिंगमधला आवाज परका वाटतो, कारण एरवी आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असतो. तो परकेपणा इथे उपयोगीच पडतो.

आता एक प्रश्न पूर्ण करून बघू. समजा, डोंबिवलीची एक उमेदवार आहे. अर्जात गावाचं नाव आहे, त्यामुळे हा प्रश्न येऊ शकतो: ‘सकाळी डोंबिवलीला लोकलमध्ये शिरता येत नाही. तुम्ही ठाण्याच्या जिल्हाधिकारी असाल तर काय कराल?’

पहिल्या सकाळी ती म्हणते, ‘लोकलची गर्दी ही अत्यंत गंभीर समस्या आहे. लोकसंख्या वाढली, नियोजन कमी पडलं. मी गाड्यांची संख्या वाढवेन, पंधरा डब्यांच्या गाड्या सुरू करेन, लोकांमध्ये जागृती करेन.’ ओघ चांगला, आवाज ठाम. सकाळी तिने स्वतःला दिलेले गुण: चार.

संध्याकाळी ऐकताना ती तिसऱ्याच वाक्याला थांबते. जिल्हाधिकाऱ्याला लोकल वाढवता येत नाही. रेल्वे केंद्राच्या अखत्यारीतली. प्रश्नातला सापळा हाच होता आणि ओघाच्या भरात तो दिसलाच नव्हता. पण चारचे दोन करायचे की एक, हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी प्रत्येक गुण म्हणजे कसं उत्तर, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. पेट्रीशिया स्मिथ आणि लॉर्न केंडॉल यांनी 1963 मध्ये अशा मोजपट्ट्या मांडल्या. त्यांत ‘चांगलं’, ‘बरं’ अशा विशेषणांऐवजी प्रत्येक पायरीवर डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल असं वर्तन लिहिलेलं असतं.

‘तुम्ही काय कराल’ या जातीच्या प्रश्नांसाठी तिची मोजपट्टी अशी होऊ शकते. एक गुण: समस्येचं वर्णन आहे, कृती नाही. दोन: कृती आहे, पण ती पदाच्या अधिकाराबाहेरची. तीन: अधिकारातली निदान एक कृती, पण ती कोणाबरोबर आणि कधी, हे नाही. चार: कृती, तिचे भागीदार आणि पडताळता येईल अशी एक माहिती. पाच: हे सगळं, शिवाय आपल्या उपायाची मर्यादा स्वतःहून सांगितलेली, आणि दोन मिनिटांच्या आत थांबलेलं. या पट्टीवर पहिलं उत्तर दोनवर बसतं. त्यात वाद घालायला जागा नाही.

काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा येतो. आता ती म्हणते, ‘गाड्या वाढवणं माझ्या हाती नाही, ते रेल्वेचं काम. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये सुरू झाली, कळवा-ऐरोली जोडमार्गही योजनेत आहे. माझ्या हाती आहे ती गर्दीची वेळ पसरवणं. 2023 मध्ये मध्य रेल्वेने मुंबईत आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या वेगवेगळ्या वेळा ठरवल्या होत्या. जिल्ह्यातली सरकारी कार्यालयं, महापालिका आणि मोठे उद्योग यांची बैठक घेऊन तसा प्रयत्न करता येईल. शिवाय जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची अध्यक्ष म्हणून स्थानकांवरच्या गर्दीचा आराखडा रेल्वेबरोबर तपासेन. मात्र डोंबिवलीकरांची बरीच कार्यालयं जिल्ह्याबाहेर, मुंबईत आहेत. त्यांच्या वेळा बदलण्याचा निर्णय राज्य पातळीवरच होऊ शकेल.’ हे पाचचं उत्तर. पाठ केलेल्या निबंधासारखं ते वाटत नाही, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य एखाद्या पायरीला धरून आलं आहे.

वहीत मग दोन रकाने होतात: सकाळचा अंदाज आणि संध्याकाळचा गुण. बहुतेक जण फक्त दुसरा रकाना चढतोय का ते बघतात. मला मात्र दोन्हींतला फरक जास्त मोलाचा वाटतो. सुरुवातीला चार आणि दोन, असा तो दोनाचा असतो. तो कमी होऊ लागला, म्हणजे बोलता बोलताच आपलं उत्तर बाहेरून कसं ऐकू येतंय हे कळायला लागलं. मुलाखतीच्या खोलीत उपयोगी पडतं ते हेच. तिथे रेकॉर्डिंग नसतं, आणि अधिकाराबाहेर गेल्याचं तिसऱ्या वाक्याला लक्षात आलं तर चौथ्या वाक्यात सावरता येतं.

दोन ठिकाणी ही पद्धत फसते. पहिलं, फरक खोटाही मिटू शकतो: संध्याकाळी कान ढिले पडतात आणि सकाळचाच आकडा संध्याकाळच्या रकान्यात उतरतो. म्हणून आठवड्यातून एकदा तेच रेकॉर्डिंग आणि तीच मोजपट्टी एखाद्या मित्राला द्यावी, आपले गुण न दाखवता. त्याचा आकडा सतत एकाने किंवा दोनाने कमी येत असेल तर कान ढिले पडलेत असं समजावं. दुसरं, एकट्याच्या सरावात प्रतिप्रश्न नसतो. अध्यक्ष आणि चार सदस्यांचं मंडळ उत्तराच्या शेपटीला धरून पुढे जातं: ‘मुंबईतल्या कार्यालयांनी ऐकलं नाही तर?’ त्याची सवय माणसांसमोर बसूनच होते, म्हणून मॉक इंटरव्ह्यूला पर्याय नाही. तरी रोजच्या सरावात एक भर घालता येते. संध्याकाळी उत्तर ऐकताना जिथे आपण स्वतःच ‘का?’ विचारला असता, ते वाक्य टिपून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळचा प्रश्न त्यातूनच घ्यायचा.