वडाची पूजा आणि सावित्रीचे पाच वर

वटपौर्णिमेची गोष्ट घरोघरी थोडक्यात सांगितली जाते. सत्यवान वडाखाली मेला, यम त्याचे प्राण घेऊन निघाला, सावित्री मागे गेली, तिने शंभर मुलं मागितली, यम ‘तथास्तु’ म्हणाला आणि शब्दात अडकला. त्यामुळे सावित्री म्हणजे यमाला फसवणारी चतुर बाई, एवढंच मनात राहतं. महाभारताच्या वनपर्वातली मूळ कथा वाचली की हे किती अपुरं आहे ते लक्षात येतं. तिथली सावित्री यमाला फसवत नाही. ती त्याच्याशी बोलते, आणि तिचं बोलणं ऐकून तो स्वतःहून एकामागून एक वर देत जातो.

पांडव वनवासात असताना युधिष्ठिर मार्कंडेय ऋषींना विचारतो, द्रौपदीसारखी दुसरी कुणी स्त्री होऊन गेली का? त्यावर मार्कंडेय ही कथा सांगतात. मद्र देशाचा राजा अश्वपती याला मूलबाळ नव्हतं. त्याने अठरा वर्षं सावित्री देवीची आराधना केली आणि तिच्या कृपेने झालेल्या मुलीला तिचंच नाव ठेवलं. मुलगी मोठी झाली. तिचं तेज असं की मागणी घालायला कुणी धजेना. तेव्हा बापानेच तिला सांगितलं, तूच जा आणि तुझा नवरा तू शोध. ती रथातून हिंडली आणि रानात राहणाऱ्या सत्यवानाची निवड करून परतली. सत्यवानाचे वडील द्युमत्सेन हे शाल्व देशाचे राजे होते, पण दृष्टी गेली, शत्रूने राज्य घेतलं, आणि ते बायको-मुलासह तपोवनात येऊन राहिले होते.

नारदमुनी तिथेच बसलेले होते. ते म्हणाले, मुलगा गुणी आहे, पण आजपासून बरोबर एक वर्षाने तो मरणार. अश्वपती मुलीला म्हणाला, दुसरा शोध. तिने नकार दिला. मनाने एकदा ठरवलं ते ठरवलं, हे तिचं म्हणणं नारदांनाही पटलं.

लग्नानंतर सावित्रीने दागिने उतरवले, वल्कलं नेसली आणि सासू-सासऱ्यांच्या सेवेला लागली. वर्षभर ती एकेक दिवस मोजत होती, पण नवऱ्याला तिने एका शब्दाने काही कळू दिलं नाही. चार दिवस उरले तेव्हा तिने तीन रात्रींचं व्रत धरलं, अन्न सोडलं आणि उभी राहिली. सुनेचे हाल बघून सासरे कळवळले, पण तिने नेम मोडला नाही. आज आपण एक दिवस करतो त्या उपवासाचं मूळ इथे आहे. जुन्या व्रतग्रंथांतही हे त्रिरात्र व्रत आहे, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंतचं. तीन दिवस जमत नसेल तर शेवटच्या दिवशी करावं ही सवलत होती. पुढे सवलतच रूढ झाली.

ठरलेल्या दिवशी सत्यवान कुऱ्हाड खांद्यावर टाकून लाकडं आणायला निघाला. ‘मीही येते,’ ती म्हणाली. वर्षभरात सुनेने काही मागितलं नाही म्हणून सासऱ्यांनी होकार दिला. रानात सत्यवानाने फळांनी टोपली भरली, मग लाकूड फोडायला घेतलं, आणि घाम फुटून डोकं ठणकू लागलं. ती जमिनीवर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. थोड्याच वेळात तांबडी वस्त्रं नेसलेला, हातात पाश घेतलेला यम समोर उभा राहिला. सत्यवान इतका सदाचरणी की त्याला न्यायला दूत न पाठवता यम स्वतः आला होता. त्याने सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष पाशाने ओढून काढला आणि तो दक्षिणेकडे चालू लागला.

आता खरी कथा सुरू होते. यम म्हणाला, परत जा, त्याचं क्रियाकर्म कर. ती म्हणाली, सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते असं जाणते सांगतात, तेव्हा मित्र म्हणून माझं ऐक. आणि ती धर्माबद्दल बोलली. यमाला तिची वाणी आवडली. सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग, तो म्हणाला. तिने मागितलं, सासऱ्यांना दृष्टी मिळावी. ‘दमलीस, आता परत जा.’ नवऱ्याजवळ असताना दमणूक कसली, असं म्हणून ती सज्जनांच्या सहवासाबद्दल बोलली. पुन्हा तोच अपवाद ठेवून वर मिळाला. सासऱ्यांचं राज्य परत मिळावं, आणि त्यांनी धर्म सोडू नये.

तिसऱ्यांदा ती म्हणाली, मनाने, वाणीने, कृतीने कुणाचा द्रोह न करणं हा सज्जनांचा धर्म. दारी आलेल्या शत्रूवरही ते दया करतात. तहानलेल्याला पाणी मिळावं तसं तुझं बोलणं वाटतं, यम म्हणाला. या वेळी तिने वडिलांसाठी शंभर मुलगे मागितले, कारण अश्वपतीला मुलगा नव्हता. चौथ्या वेळी तिने यमाला धर्मराज म्हणून हाक मारली. माणूस स्वतःपेक्षाही सज्जनावर अधिक विश्वास ठेवतो, असं सांगितलं. अपवाद तसाच होता. तिने सत्यवानापासून आपल्याला शंभर मुलगे व्हावेत असं मागितलं, आणि यमाने दिले.

सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. मूळ कथेत मात्र ती पुन्हा बोलते, सज्जनांच्या सत्यावरच हे जग टिकून आहे हे सांगते, आणि यम म्हणतो, आता अतुलनीय असा वर माग. या वेळी ‘प्राण सोडून’ हे शब्द त्याने उच्चारलेच नाहीत. तिच्या ते ध्यानात आलं. तिने उघडपणे सत्यवानाचं आयुष्य मागितलं आणि तू दिलेला आधीचा वर तरी खरा कसा व्हायचा, असं त्याला विचारलं. यमाने आनंदाने पाश सोडला आणि दोघांना चारशे वर्षांचं आयुष्य दिलं.

वरांचा क्रम बघा. आधी सासरे, मग सासरचं राज्य, मग माहेर, मग पुढची पिढी आणि सगळ्यात शेवटी नवरा. सावित्री मला सर्वांत मोठी वाटते ती या क्रमामुळे. नवरा जात असताना तिला आंधळे सासरे आधी आठवतात.

त्यापुढचा प्रसंगही फार सुंदर आहे. सत्यवान जागा होतो तेव्हा अंधार पडलेला असतो. आईवडील काळजीत असतील म्हणून तो अस्वस्थ होतो. सावित्री फळांची टोपली फांदीला अडकवून ठेवते, उद्या नेता येईल म्हणून. कुऱ्हाड ती स्वतः उचलते, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेते, कमरेभोवती हात घालून त्याला सावरते आणि दोघं पळसाच्या झाडीजवळच्या वाटेने घरी येतात.

महाभारतातल्या या कथेत वडाचं नाव मात्र येत नाही. वड आला तो पुराणांतल्या व्रतकथांबरोबर, आणि तो का आला हे झाडाकडे पाहिलं की कळतं. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांची मुळं होतात, मग त्या जाड होत खोडच बनतात. मूळचं खोड पोकळ झालं तरी झाड उभं राहतं. दीर्घायुष्य आणि वाढता वंश या दोन्ही मागण्यांना याहून योग्य झाड सापडलं नसतं.

महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक इथे हे व्रत पौर्णिमेला, तर उत्तर भारतात अमावास्येला होतं. २०२५ साली तिकडे ते २६ मे रोजी झालं आणि आपल्याकडे १० जूनला. त्या वर्षी अनेकांचा गोंधळ उडाला, कारण पौर्णिमा १० तारखेला साडेअकराच्या सुमारास लागून ११ तारखेला दुपारी संपत होती, आणि एरवी सूर्योदयाची तिथी धरतात. पण सावित्रीव्रताला चतुर्दशीने युक्त अशी पौर्णिमा घ्यायची, असा निर्णयग्रंथांचा नियम आहे. म्हणून वटपौर्णिमा आदल्या दिवशी आली. दिनदर्शिकेत असे दोन वेगळे दिवस दिसले की हेच कारण असतं.

पूजेत सावित्री-सत्यवानाचं आणि वडाचं पूजन असतं. बुंध्याला पाणी घालायचं, हळद-कुंकू, अक्षता, फुलं वाहायची, आंबा, जांभूळ, करवंद, फणसाचे गरे, केळं अशी त्या दिवसांत मिळणारी पाच फळं ठेवायची आणि मग कच्च्या सुताची गुंडी घेऊन बुंध्याभोवती फेरे घालायचे. बहुतेक घरांत सात, काही घरांत अधिक. शेवटी सुवासिनी एकमेकींची ओटी भरतात, तिच्यात गहू आणि आंबा असतो.

सूत कच्चं कापसाचंच घ्यावं, यालाही अर्थ आहे. पावसात भिजून ते काही आठवड्यांत कुजून जातं. बाजारातला चमकदार नायलॉनचा दोरा तसाच राहतो, दर वर्षी त्यावर नवे थर चढतात आणि आत अडकलेल्या कोवळ्या पारंब्यांना वाढायला जागा राहत नाही. बुंध्याशी कापूर आणि उदबत्त्यांचे पुडे जाळल्याने सालही करपते. दिवा थोडा लांब, ताटातच लावला तर पूजेत काही उणं पडत नाही.

शहरात जवळ वड नाही म्हणून बाजारातून फांदी आणतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. तोडलेल्या जागेतून पांढरा चीक गळतो, पानं संध्याकाळपर्यंत मान टाकतात आणि दुसऱ्या दिवशी फांदी कचऱ्यात जाते. झाडाच्या दीर्घायुष्याची पूजा करायची आणि त्यासाठी झाडच ओरबाडायचं, हे व्रतात कुठेच बसत नाही. पाटावर किंवा भिंतीवर गंधाने वड काढून पूजा करण्याची रीत कितीतरी घरांत चालत आली आहे. कुंडीतलं वडाचं रोपही चालतं. आणि अंगणात जागा असेल तर वड लावायला पावसाच्या तोंडावरचा हाच काळ चांगला.

हे व्रत फक्त सुवासिनींचं, असं आपण धरून चालतो. पण व्रतग्रंथांत स्कंदपुराणाच्या नावाने दिलं जाणारं एक वचन वेगळं सांगतं. नवरा असलेली, विधवा, मुलं असलेली वा नसलेली, कोणतीही स्त्री हे व्रत करू शकते असा त्याचा अर्थ आहे. तरीही नवरा गेलेल्या बाईला वडापाशी बोलावलं जात नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. शेजारच्या काकूंना या वर्षी वडाकडे बरोबर नेताना कुणी शास्त्र विचारलं, तर ते त्यांच्या बाजूने आहे.