आरशाची पाठ सांभाळा!

मार्चअखेरची गोष्ट. सकाळी साडेसातला फोन वाजला. आईचा. माझं स्टँड-अप नऊला असतं, म्हणजे ही वेळ माझ्यासाठी मध्यरात्रच! ‘अगं, तू लावलेला आरसा पडला रात्री. बाबांच्या पायाला काच लागलीय. घाबरू नको, दोनच टाके.’

‘तू लावलेला.’ हे दोन शब्द माझ्या डोक्यात दिवसभर बसले.

झालं होतं असं. दिवाळीत चिखलीला घरी गेले होते. बाथरूममधला आमचा जुना आरसा म्हणजे चार कोपऱ्यांत चार स्क्रू, प्रत्येक स्क्रूभोवती काळं वर्तुळ आणि एका कोपऱ्यातून निघालेला तडा. पुण्याच्या फ्लॅट्समध्ये फ्रेमलेस आरसे बघून माझा चॉइस जरा वरचा झालेला. म्हटलं, बाबा, आता नो स्क्रू, नो फ्रेम! दोन फूट बाय तीन फुटांचा आरसा आणला, दुकानातून सिलिकॉनची नळी आणली, भिंतीवर चिकटवला. अर्ध्या तासात काम फत्ते. फोटो काढून ग्रुपवर टाकला. लाइक्सही मिळाले.

पाच महिन्यांनी तोच आरसा रात्री दोनला बेसिनवर कोसळला. आवाज ऐकून बाबा अनवाणीच धावले. सकाळी दाढी करताना पडला असता तर? या प्रश्नामुळे मी शुक्रवारी रात्रीची बस पकडली.

काचेचे तुकडे काय सांगतात?

शनिवारी सकाळी देऊळगाव राजा मागे टाकून बस चिखलीत शिरली, तेव्हा माझ्या डोक्यात एकच संशयित होता. सिलिकॉन. पण बाबांनी तुकडे पोत्यात भरून ठेवले होते, ते बघितल्यावर केस जरा वेगळी निघाली.

बहुतेक तुकड्यांच्या मागे सिलिकॉन तसंच घट्ट होतं. आणि त्या सिलिकॉनला चिकटून आला होता आमच्या भिंतीचा फिकट हिरवा ऑइल पेंट! आमच्याकडे टाइल्स चार फुटांपर्यंतच आहेत. आरसा त्याच्या वर, रंगवलेल्या भिंतीवर. म्हणजे गोंदाने आपलं काम चोख केलं होतं. त्याने आरसा रंगाला धरून ठेवला. भिंतीला कोण धरणार? रंगाचा पापुद्रा सुटला, आरसा खाली.

हा फंडा लक्षात ठेवा. पडलेल्या आरशाच्या मागे भिंतीचा रंग आला तर दोष भिंतीच्या तयारीत. गोंद भिंतीवर राहिला आणि त्याला आरशाचा मागचा रंग चिकटला असेल तर दोष आरशाच्या पाठीत. आणि गोंद दोन्हीकडून स्वच्छ सुटला असेल तर बसवताना धूळ, ओल किंवा साबणाचा थर होता.

आमच्याकडे दुसरा गुन्हाही सापडला. आई म्हणाली, ‘महिनाभर आरशात धुरकट उभे पट्टे दिसत होते. मला वाटलं, साबणाचे डाग.’ ते डाग नव्हते. मी जिथे सिलिकॉनचे पट्टे मारले होते, नेमके तिथेच मागची चांदी खराब होत होती.

चांदीचा नाजूक मामला

काच, त्यामागे चांदीचा अतिशय पातळ थर, आणि चांदी झाकायला रंगाचे थर. हा झाला आरसा. काचेवर रसायनाने चांदी चढवायची पद्धत जर्मनीच्या युस्टुस फॉन लीबिगने १८३५मध्ये शोधली आणि तत्त्व आजही तेच आहे. समोरून आपण बघतो ती काच दणकट. मागची चांदी मात्र फक्त रंगाच्या भरवशावर.

बाजारातलं स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतं. तो अॅसेटिक अॅसिडचा. काचेच्या फिश टँकला हे सिलिकॉन छान, पण आरशामागे कोंडलेलं अॅसिड रंगातून आत जाऊन चांदीला खातं. आरशाला लागतं ते ‘न्यूट्रल क्युअर’ सिलिकॉन. नळीवर न्यूट्रल लिहिलेलं असतं, आरशासाठी चालेल असंही लिहिलेलं असतं. खात्री नसेल तर थोडं पुठ्ठ्यावर काढून वास घ्या. आंबट आला की परत करा. चपला-फर्निचरसाठीचा रबरी गोंदही नको; त्यातलं सॉल्व्हंट आरशाचा मागचा रंग मऊ करतं.

मग स्क्रूच बरे का?

बाबांचं म्हणणं तेच. ‘आधीचा पंधरा वर्षं पडला नव्हता!’ खरंय. स्क्रूचा मोठा फायदा हा की वजन थेट भिंत घेते, रंग सुटो नाहीतर टाइल पोकळ असो. पण काळी वर्तुळं कुठून आली?

उत्तर गावातल्या काचवाल्या काकांनी दिलं. मी आरशाचं माप सांगितलं तर म्हणाले, ‘ताई, आरसा समोरून नाही खराब होत, मांगून होते. अन् भोक पाडलं का तिथं नवी कड तयार होते.’

एका वाक्यात सगळं आलं. कापलेल्या कडेवर चांदी उघडी असते. भोक म्हणजे आरशाच्या ऐन मध्ये आणखी एक उघडी कड. स्क्रूच्या टोपीखाली पाणी शिरतं, सुकत नाही, चांदी काळी पडत बाहेर पसरते. तडा जातो तो वेगळ्या कारणाने. धातूचा स्क्रू काचेला थेट टेकला किंवा जास्त आवळला, की भोकाभोवती ताण येतो. स्क्रू लावायचेच असतील तर भोकात प्लास्टिकची नळी, काचेच्या मागे-पुढे रबरी वॉशर आणि आवळणं फक्त बोटांच्या जोराने. आणि भोक दुकानातच पाडून घ्यायचं.

म्हणजे स्क्रू वजनाला चांगला, कडेला वाईट. गोंद कडेला चांगला, पण वजनासाठी भिंतीच्या रंगावर अवलंबून. मग दोघांना त्यांचं त्यांचं काम वाटून दिलं तर?

आमचा फॉर्म्युला

दोन फूट बाय तीन फुटांचा, ५ मिलिमीटर जाडीचा आरसा साधारण ७ किलोचा होतो. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. हे ७ किलो आम्ही खालून पेलायचे ठरवले. काकांनी अॅल्युमिनियमची अरुंद पट्टी दिली, खालची कड ज्यात बसेल अशी. ती रावळ प्लग आणि स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी भिंतीत बसवली. ड्रिल भिंतीला, काचेला नाही. पट्टीच्या तळाला दोन भोकं पाडली, कारण पट्टीत साचलेलं पाणी म्हणजे खालच्या कडेला कायमची आंघोळ! आत दोन रबरी तुकडे ठेवले, दोन्ही टोकांपासून पाव-पाव अंतरावर. आरसा त्यावर टेकतो, धातूला लागत नाही.

मग गोंद. जिथे पट्टे येणार तिथला ऑइल पेंट बाबांनी आणि मी खरवडून प्लास्टरपर्यंत काढला, धूळ पुसली, प्रायमर मारून सुकू दिला. तुमच्याकडे टाइल असेल तर स्पिरिटने पुसा आणि आधी बोटाने ठोकून बघा. पोकळ वाजली तर तिच्यावर काही लावू नका. सिलिकॉनचे पट्टे उभेच मारायचे, साधारण सहा इंचांवर, कडेपासून एक इंच आत. का उभे? मागे वाफेचं पाणी जमलं तरी ते खाली ओघळून जातं आणि हवा खेळते. आडव्या पट्ट्यावर पाणी अडतं. काही जण सगळी पाठच गोंदाने माखतात, ते तर अजिबात नको. सिलिकॉन हवेतली ओल घेऊन कडेकडून आत सुकतं, मधलं तसंच ओलं राहतं. आरसा आणि भिंत यात ३ मिलिमीटर फट राहावी म्हणून फोमची दुहेरी टेप वापरली. वरून दोन क्लिपा. गोंद कधी दगा देईल तर आरसा पुढे कलंडू नये, एवढंच त्यांचं काम.

आमच्याकडची मार्चची हवा कोरडी, त्यामुळे सिलिकॉन सावकाश सुकतं. तीन दिवस बाथरूममध्ये आंघोळ बंद! बाबांनी दाढी अंगणात केली. त्यांना ते आवडलंही.

कड जपली तर आरसा जपला

बसवण्याआधीच कडेचं काम उरकायचं. काकांनी कड घासून पॉलिश करून दिली. हे काम पाण्यावर होतं, म्हणून आरसा घरी आणून आधी पूर्ण सुकवला. मग मागच्या कडेवर आरशासाठीच मिळणाऱ्या एज सीलरचे दोन हात, मध्ये सुकायला वेळ देऊन. मैत्रिणीने नेलपॉलिश सुचवलं होतं. नको! त्यातही सॉल्व्हंट असतं.

चहूबाजूंनी सिलिकॉन भरून आरसा बंद करावा का? वरून शॉवरचं पाणी उडत असेल तर वरची आणि बाजूची कड भरा. खालची मात्र उघडीच ठेवा, नाहीतर आत गेलेलं पाणी आतच कोंडेल. आणि बेसिनच्या कठड्याला आरसा टेकवू नका, थोडी मोकळी जागा सोडा.

शेवटचा आरोपी आईच्या कपाटात निघाला. आमच्या बोअरच्या पाण्याने टाइल्सवर पांढरे थर येतात आणि ते काढायला आई दर आठवड्याला अॅसिड ओतते. त्याच्या वाफा थेट कडेला लागतात. आता थर व्हिनेगरच्या कपड्याने आणि आरशापासून लांब निघतात. काच पुसायचा स्प्रेही आरशावर नाही, कपड्यावर मारायचा. आरशावर मारला की ओघळून खालच्या कडेशी जमतो.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये ड्रिल चालत नसेल तर? मग सात किलोचा आरसा गोंदाच्या भरवशावर लावूच नका. छोटा, हलका आरसा घ्या किंवा घरमालकाला एक कप चहा पाजा.

आमच्या आरशाने नुकताच एक पावसाळा काढला. कड स्वच्छ, धुरकट पट्टा एकही नाही. परवा आईने फोटो पाठवला. आरशाचा नाही, आरशात दिसणाऱ्या बाबांचा. तोंडाला साबण, हातात रेझर. खाली मेसेज: ‘अंगणात जायला तयार नाहीत आता.’