परदेशातील हॉटेल शिक्षण : पगार कोण देतो, वाट कुठे जाते

बारावीचा निकाल लागला की शहरोशहरी शैक्षणिक मेळावे भरतात आणि त्यांत हॉटेल व्यवस्थापनाच्या परदेशी अभ्यासक्रमांचे टेबल हमखास असते. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘पगारी इंटर्नशिप’ लिहिलेले असते. शेजारी पगाराचा आकडा असतो, आणि पालक तिथेच चालू दराने गुणून रुपयांत हिशेब करू लागतात. हा आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. पण तो पगार शिकणाऱ्याला दिला जातो की शिकणाऱ्याच्याच पैशातून थोडासा परत येतो, आणि तो संपल्यावर त्या देशात पुढे काम करण्याचा हक्क राहतो का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. या दोन प्रश्नांच्या कसोटीवर स्वित्झर्लंड, अमेरिका आणि जर्मनी अशा तीन वाटा तपासून पाहू.

स्वित्झर्लंडपासून सुरुवात करणे रास्त, कारण हॉटेलचे पद्धतशीर शिक्षण तिथेच जन्मले. १८९३ मध्ये लोझानला निघालेली शाळा ही जगातली पहिली हॉटेल शाळा मानली जाते. तिथल्या खासगी हॉटेल शाळांची साधारण रचना एक सत्र वर्गात आणि एक सत्र हॉटेलात अशी असते. इंटर्नचा किमान पगार देशव्यापी सामूहिक करारात ठरलेला आहे. अलीकडे तो महिन्याला सुमारे २,३०० फ्रँक आहे, आणि आठवड्याचे कामाचे तास साधारण ४२.

आता पगारपत्रक उघडून पाहू. सामाजिक विम्याच्या वजावटी साधारण दोनशे फ्रँकच्या असतात. राहणे आणि तीन वेळचे जेवण हॉटेलातच असेल, तर त्यासाठी सरकारी दर दिवसाला ३३ फ्रँक, म्हणजे महिन्याला ९९० फ्रँक. उरले सुमारे १,१००. त्यातून आरोग्यविमा आणि कर गेला की हाती हजाराच्या आसपास राहतात. सहा-सहा महिन्यांच्या दोन इंटर्नशिप धरल्या तर बारा हजार फ्रँक झाले. नामवंत खासगी शाळांत पदवीचा राहण्या-जेवणासह एकूण खर्च दीड लाख फ्रँकच्या पुढे जातो, म्हणजे इंटर्नशिपने त्याचा दहावा हिस्साही भरून निघत नाही.

याचा अर्थ त्या शाळा वाईट आहेत असा नाही. तिथले शिस्तीचे प्रशिक्षण आणि माजी विद्यार्थ्यांचे जाळे जगभर उपयोगी पडते. अडचण पदवीनंतर येते. युरोपीय संघाबाहेरच्या उमेदवाराला नोकरी द्यायची तर स्विस किंवा युरोपीय उमेदवार मिळाला नाही, हे मालकाला दाखवावे लागते. रिसेप्शनिस्ट किंवा कनिष्ठ स्वयंपाकी या जागांसाठी ते जवळजवळ अशक्य असते. म्हणून बहुतेक भारतीय पदवीधर दुबई, दोहा किंवा मुंबईत पहिली नोकरी धरतात. कर्ज फ्रँकचे आणि पगार दिरहमचा किंवा रुपयांचा, हे गणित प्रवेशाआधीच मांडून पाहायला हवे.

अमेरिकेची वाट जे-१ व्हिसाची. ही इंटर्नशिप किंवा ट्रेनीशिप हॉटेल क्षेत्रात जास्तीत जास्त बारा महिन्यांची असते आणि पगार तासावर मिळतो. व्हिसासाठी लागणारे कागद हॉटेल देत नाही, मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था देते. या वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे डीएस-७००२ हा प्रशिक्षण आराखडा. कार्यक्रम सहा महिने किंवा त्याहून मोठा असेल तर त्यात किमान तीन विभागांत किंवा कामांत फिरवणे नियमाने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात नेहमीची तक्रार असते ती अशी : आराखड्यात गरम विभाग, थंड विभाग आणि बेकरी लिहिलेली असते, पण वर्षभर उभे केले जाते नाश्त्याच्या अंड्यांच्या तव्यावर. अशा वेळी हॉटेलच्या शेफशी हुज्जत घालण्यापेक्षा प्रायोजकाला लेखी कळवावे, कारण आराखडा पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्याची असते. वर्ष संपले की परत यायचे, हे गृहीतच धरावे. या वर्षाचे मोल अनुभवाच्या दाखल्यात आहे, स्थायिक होण्यात नाही.

तिसरी वाट जर्मनीची. तिची माहितीपत्रके कमी आणि गैरसमज जास्त, म्हणून तिथे थोडे थांबू. ‘आउसबिल्डुंग’ म्हणजे हॉटेलशी किंवा रेस्टॉरंटशी केलेला प्रशिक्षण करार. स्वयंपाकी किंवा हॉटेल कर्मचारी या व्यवसायांसाठी तो तीन वर्षांचा असतो. आठवड्यातले तीन-चार दिवस प्रत्यक्ष काम आणि एक-दोन दिवस सरकारी व्यवसायशाळा, किंवा शाळेचे सलग काही आठवडे. शुल्क नसते, उलट पहिल्या महिन्यापासून भत्ता सुरू होतो. पहिल्या वर्षाचा कायदेशीर किमान भत्ता २०२५ मध्ये ६८२ युरो होता, पण युरोपीय संघाबाहेरच्या मुलाला व्हिसासाठी दरमहा हजाराच्या थोड्या वर एकूण उत्पन्न दाखवावे लागते. हॉटेल क्षेत्रातील करार बऱ्याच भागांत त्या पातळीला पोचतात.

समजा, कोल्हापूरचा एक मुलगा बाडेन-वुर्टेम्बर्गमधल्या एका गावच्या हॉटेलात स्वयंपाकी म्हणून रुजू झाला. भत्ता १,१०० युरो. सामाजिक विम्यापोटी साधारण पाचवा हिस्सा जाईल, हाती ८७५ च्या आसपास. हॉटेलची खोली घेतली तर २०२५ च्या सरकारी मूल्याप्रमाणे सुमारे २८२ युरो वजा, आणि कामावरचे जेवण वेगळे. महिन्याला चार-साडेचारशे युरो उरतात. घरी मोठी रक्कम पाठवता येणार नाही, पण घरून मागवावीही लागणार नाही.

त्याचा दिवस सकाळी साडेनऊला सुरू होतो. अडीचपर्यंत दुपारची सेवा, मध्ये मोकळीक, पुन्हा पाचपासून रात्री साडेदहापर्यंत. या तुटक पाळीचे दोन परिणाम होतात. मधल्या अडीच तासांत विश्रांती होत नाही, अभ्यासही होत नाही. आणि रात्री काम संपते तेव्हा गावची शेवटची बस गेलेली असते. करारावर सही करण्याआधी बसचे वेळापत्रक पाहणे आणि खोली हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर मागणे, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट तीन वर्षे टिकण्याशी थेट जोडलेली आहे. जर्मनीत स्वयंपाक्यांचे निम्म्याच्या आसपास प्रशिक्षण करार मुदतीआधी तुटतात. त्यातली सगळी मुले शिक्षण सोडत नाहीत, काही हॉटेल बदलतात. पण परदेशी मुलाचा परवाना त्या प्रशिक्षणाशी बांधलेला असल्याने त्याचा धोका मोठा असतो. त्याचा दोष नसताना करार तुटला, तर नवी जागा शोधायला त्याला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते. हे त्याला आधी ठाऊक असेल तर तो घाबरून परत येणार नाही.

काही बिनसते आहे हे ओळखायचे कसे? प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एक नोंदवही ठेवावी लागते. आठवड्यात काय शिकलो ते लिहायचे आणि प्रशिक्षकाची सही घ्यायची. ही वही पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. दोन महिने त्यात बटाटे सोलणे आणि भांडी यापलीकडे काही येत नसेल, तर ती वहीच पुरावा ठरते. जिल्ह्याच्या उद्योग-व्यापार मंडळाचा प्रशिक्षण सल्लागार अशा तक्रारी ऐकतो आणि गरज पडल्यास मालकाशी बोलतो. करार त्या मंडळाकडे नोंदलेला आहे की नाही, हेच खरी जागा आणि एजंटाची थाप यांतला फरक ओळखण्याचे साधन आहे. आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार रुपये अधिक कर इतकी आहे. जागेसाठी काही लाख मागणाऱ्याला हे दोन नियम विचारावेत.

सर्वांत मोठा अडथळा भाषेचा. व्हिसाला साधारणपणे बी-१ पातळीची जर्मन लागते. स्वयंपाकघरात तेवढ्यावर निभावते, कारण तिथे ठरावीक शब्द रोज कानावर पडतात. व्यवसायशाळेत मात्र स्वच्छतेचे कायदे, किमतीचे हिशेब, कामगार हक्क हे सगळे जर्मनमध्ये लिहायचे असते आणि तिथे बी-१ अपुरी पडते. रोजगार कार्यालयाकडून मोफत शिकवणीची सोय होते, ती पहिल्या चाचणीत नापास झाल्यावर नव्हे, पहिल्याच महिन्यात मागावी.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर या वाटेचे वेगळेपण दिसते. कुशल कामगाराचा परवाना मिळतो, आणि नोकरी लगेच नसेल तर ती शोधायलाही मुदत मिळते. पुढे दोन वर्षे नोकरी आणि निवृत्तिवेतनाचे हप्ते भरले की बाकी अटी पुऱ्या करून कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. हवे तर काही वर्षांनी पाककलेची ‘मायस्टर’ परीक्षा द्यायची. जर्मनीच्या पात्रता आराखड्यात ती पदवीच्याच पातळीवर, सहाव्या क्रमांकावर आहे.

वाट कुठलीही असो, स्वयंपाकघराची शिडी मात्र एकच. फ्रेंच शेफ एस्कॉफिएने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लावून दिलेली विभागवार रचना मोठ्या हॉटेलांत आजही चालते. लोझानची पदवी असो वा जर्मन प्रमाणपत्र, हाती चाकू घेणारा सुरुवात करतो कॉमी म्हणून. मग डेमी शेफ, मग एका विभागाचा प्रमुख म्हणजे शेफ द पार्टी. इथवर पोचायला साधारण चार-पाच वर्षे लागतात आणि या पायऱ्या हाताच्या वेगावर मिळतात. सॉस, ग्रिल, थंड विभाग, मिठाई यांतले किमान तीन विभाग सांभाळलेला माणूस लवकर वर जातो. एकाच विभागात चार वर्षे रमलेला तिथेच राहतो.

सू-शेफच्या पायरीवर बरेच जण अडतात, कारण तिथे चवीइतकाच हिशेब लागतो. दहा किलोचा अख्खा सॅल्मन बारा युरो किलोने घेतला, तर किंमत १२० युरो. डोके, काटे, कातडी काढून सहा किलो गर मिळाला, तर त्याचा खरा भाव वीस युरो किलो. ताटात दीडशे ग्रॅम दिले की तीन युरो गेले. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या तीस टक्क्यांत ठेवायचा असेल, तर केवळ माशासाठीच कर सोडून दहा युरो आकारावे लागतील. भाजी, सॉस आणि लोणी त्यावर. हा हिशेब ज्याला मनात करता येतो आणि आठवड्याची पाळी व मागणीची यादी ज्याच्या हाती निर्धास्तपणे देता येते, तोच सू-शेफ होतो.

हॉटेलच्या बाजूलाही असेच घडते. रिसेप्शनवरून पर्यवेक्षक, मग ड्यूटी मॅनेजर, मग फ्रंट ऑफिस मॅनेजर हा प्रवास सेवेच्या बळावर होतो. त्यापुढे खोल्यांचे दर ठरवणे, महिन्याचा ताळेबंद वाचणे आणि दुसऱ्या शहरात नवे हॉटेल उघडायला जाण्याची तयारी लागते. पदवीचा उपयोग इथे होतो, पण पाच-सात वर्षांनी. म्हणून पदवीवर मोठे कर्ज काढणाऱ्याने तेवढी वर्षे हप्ते कसे भरणार, हे आधी ठरवावे.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, आणि त्यात हॉटेल क्षेत्राचाही समावेश आहे. अशा योजनेचे यश किती मुले विमानात बसली यावर मोजू नये. तीन वर्षांनी किती मुलांच्या हाती अंतिम प्रमाणपत्र आले, हे मोजावे. त्यासाठी इथल्या भाषावर्गांत बी-२ पर्यंत शिकवणे, व्यवसायशाळेचे जर्मन प्रश्न आधीच सोडवून घेणे आणि प्रत्येक करार जाण्यापूर्वी तपासणे, एवढी तीन कामे सरकारने आणि आपल्या हॉटेल संस्थांनी अंगावर घ्यावीत. दादरमध्ये १९५४ पासून हॉटेल व्यवसायाचे शिक्षण देणाऱ्या या राज्याला ती नक्कीच जमतील.