जाळी घासू नका, भिजवा : खिडकीच्या मच्छरजाळीवरची धूळ आणि चिकट काजळी कशी काढाल?

स्वयंपाकघराच्या खिडकीची मच्छरजाळी एकदा बोट लावून बघा. बोट काळं होतं आणि चिकटतंही. घोडबंदर रोड असो, कल्याण-शीळ रस्ता असो की मुरबाड-शहापूरकडचं चुलीचं घर, बाहेरून धूळ येते आणि आतून फोडणीची वाफ नि धूर जातो. दोघांची गाठ जाळीवर पडते. भोकं बुजली की वारा येत नाही, धूर घरातच कोंडतो. मग आपण कंटाळून जाळीच सरकवून ठेवतो आणि डास आत येतात. डेंग्यूचा डास तर दिवसाच चावतो, म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी. जोर लावून घासायला गेलो तर जाळी फाटते. दिवाळीच्या साफसफाईची कामं घेणाऱ्या आपल्या ताईंना तर फाटलेल्या जाळीचे पैसे मजुरीतून कापले जाण्याची धास्ती असते. म्हणून ही पद्धत नीट समजून घेऊ.

मळ का निघत नाही?

तेलाची वाफ जाळीच्या धाग्यावर बसते आणि थंड झाली की तिचा पातळ थर होतो. त्या थरावर धूळ आणि काजळी चिकटते, वर पुन्हा तेल, पुन्हा धूळ. नुसत्या पाण्याने तेल सुटत नाही. उलट धुळीचा चिखल होतो आणि तो भोकांत जाऊन बसतो. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा : धूळ कोरडी असतानाच काढायची, आणि तेल साबणाला सोडवू द्यायचं. हाताच्या जोराने तेल सुटत नाही, धागा मात्र तुटतो.

आधी जाळी ओळखा

कापडासारखी मऊ, दुमडली तरी परत सरळ होणारी जाळी नायलॉनची किंवा फायबरची असते. नखाने टिचकी मारल्यावर पत्र्यासारखी वाजते आणि वाकवली की वाकलेलीच राहते, ती धातूची. हा फरक महत्त्वाचा आहे. मऊ जाळीला धुण्याचा सोडा चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला तो लावला तर ती काळी पडते आणि झिजते. धातू कोणता हे कळत नसेल तर फक्त भांड्यांचा साबण वापरा.

आता जाळीत जीव आहे का तेही पाहा. उन्हाने मऊ जाळी वर्षानुवर्षांत कडक होत जाते. एक कोपरा दोन बोटांत धरून हलकेच दुमडा. करकर आवाज आला, पांढरी भुकटी बोटाला लागली किंवा धागा तुटला, तर ती धुऊन टिकणार नाही. दुसऱ्याच्या घरी काम असेल तर हा कोपरा घरमालकिणीला आधीच दाखवा आणि मगच हात लावा. नंतर दाखवून उपयोग नाही.

एक खिडकी धरून पाहू

समजा, तीन फूट बाय दोन फुटांची स्वयंपाकघराची खिडकी आहे. मऊ जाळी चिकटपट्टीने लावलेली आहे आणि गॅसच्या बाजूचा भाग पार काळा झालाय.

पहिलं काम, जाळी काढणं. जाळीला धरून ओढू नका. एका कोपऱ्यातून पट्टीखाली बोट घाला आणि पट्टीच धरून हळूहळू सोडवत जा. जाळी निघताना फाटते ती बहुतेक इथेच, पट्टीच्या शिवणीला.

दुसरं, कोरडी झाडणी. जाळी अंगणात किंवा बाल्कनीत जुन्या चादरीवर सपाट पसरा. रंगाचा दोन इंची मऊ ब्रश घ्या आणि धाग्याच्या दिशेने, वरून खाली, सरळ फिरवा. गोल गोल फिरवू नका, त्याने धागे सरकतात, भोकं मोठी होतात आणि तिथून डास शिरतो. जाळी काठीने बडवूही नका. तोंडाला ओढणी बांधा.

तिसरं, भिजवणं. मोठ्या टबात साधारण आठ लिटर कोमट पाणी घ्या. हात सुखाने ठेवता येईल इतकंच कोमट, उकळतं नको, त्याने जाळी आक्रसते. त्यात चार चमचे भांड्यांचा पातळ साबण आणि दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. हातमोजे घाला, सोड्याने हात सोलतात. जाळी सैल गुंडाळून बुडवा, घडी घालू नका. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. पाणी चहासारखं तपकिरी झालं की समजा, तेल सुटतंय.

चौथं, थोपटणं. जाळी पुन्हा सपाट जमिनीवर, खाली जाड टॉवेल घालून पसरा. हा टॉवेल फार कामाचा. खाली आधार नसला की हाताचा सगळा भार धाग्यावर येतो. मऊ स्पंज साबणाच्या पाण्यात बुडवून थोपटत जा. मळ खालच्या टॉवेलवर उतरलेला दिसेल. गॅसजवळच्या काळ्या भागावर साबणाचे चार थेंब तसेच टाका, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा थोपटा. तरीही निघालं नाही तर ताज्या पाण्यात पुन्हा भिजवा. दुसऱ्यांदा भिजवायला वीस मिनिटं लागतात, फाटलेली जाळी बदलायला पैसे लागतात.

पाचवं, खळबळणं. मगने हळू पाणी ओता, घराच्या आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे. फेस पूर्ण जाऊ द्या. साबण राहिला तर त्यावर धूळ लवकर बसते. पिळू नका. सावलीत आडवी वाळवा.

झाली का स्वच्छ?

जाळी उजेडासमोर धरा. भोकाभोकातून उजेड आरपार आला की काम झालं. धागा पिवळट राहिला तर तो डाग आहे, मळ नव्हे. त्याच्या मागे लागू नका. इथेच जास्त घासलं जातं. रॉकेल, थिनर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर अजिबात नको. थिनरने मऊ जाळीवरचा लेप सुटतो, अ‍ॅसिडने धातूची जाळी खाल्ली जाते.

जाळी निघतच नसेल तर?

चाळीत किंवा बैठ्या घरात पक्की ठोकलेली जाळी दोघींनी मिळून साफ करावी. आधी कोरडा ब्रश. मग बाहेरची बाई जाड कोरडं फडकं जाळीला सपाट टेकवून धरेल, आतली बाई साबणाचा स्पंज त्याच जागी थोपटेल. मळ फडक्यात उतरतो आणि जाळीला आधारही मिळतो. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने तसंच करा. इमारतीत वरच्या मजल्यावर मात्र बाहेर वाकायचं नाही. आतून जेवढं होईल तेवढंच करा आणि तसं मालकिणीला स्पष्ट सांगा.

जाळीला बारीक छिद्र दिसलंच, तर जुन्या जाळीचा तुकडा छिद्रापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठा कापून नायलॉनच्या दोऱ्याने टाचा. आणि स्वयंपाकघराच्या जाळीवर दर पंधरा दिवसांनी कोरडा ब्रश फिरवा. तेलाचा थर जाड व्हायच्या आत धूळ गेली की पुढच्या वेळी एकदाच भिजवून भागतं.