मनोऱ्याबाहेरचा मोठा भक्षक

पर्यावरणाच्या कृतिपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी अन्नसाखळी दिलेली असते. गवतात 10,000 किलोकॅलरी ऊर्जा असेल, तर घारीपर्यंत किती पोचेल? मुलं प्रत्येक पायरीला एक शून्य उडवतात : 1,000, 100, 10, 1. उत्तर बरोबर, गुणही पूर्ण मिळतात. पण उरलेली ऊर्जा गेली कुठे, हे त्या कागदावर कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा धडा त्या उरलेल्या ऊर्जेतच आहे.

तो धडा शिकवायला एक जागा फार चांगली आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाचे झरे आहेत. पाणी आरशासारखं स्वच्छ आणि वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं. काचेच्या तळाच्या नावेतून लोक तिथे मासे बघायला जातात. हॉवर्ड ओडम या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात या झऱ्याच्या ऊर्जेचा जमाखर्च मांडला आणि 1957 मध्ये प्रसिद्ध केला. पाणी वाहतं असल्यामुळे प्रवाहाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला विरघळलेला ऑक्सिजन मोजता येत होता. दिवसा तो किती वाढतो यावरून पाणवनस्पतींनी किती अन्न बनवलं ते समजतं. रात्री किती घटतो यावरून सगळ्यांनी मिळून श्वसनात किती खर्च केलं त्याचा अंदाज येतो.

ओडम यांचे आकडे एका चौरस मीटरचे, एका वर्षाचे आणि किलोकॅलरीत आहेत. पाणवनस्पती आणि त्यांच्या पात्यांवरच्या शेवाळाने बनवलेलं एकूण अन्न 20,810. शाकाहारी जीवांनी पचवून शरीरात घेतलेली ऊर्जा 3,368. त्यांना खाणाऱ्या माशांची 383. सगळ्यात वरच्या शिकारी माशांची फक्त 21.

आता पट्टी आणि एक ए-फोर कागद घ्या. एक सेंटीमीटर म्हणजे 1,000 किलोकॅलरी असं प्रमाण धरा. वनस्पतींचा पट्टा 20.8 सेंटीमीटरचा होतो, म्हणजे कागदाची जवळजवळ पूर्ण रुंदी. शाकाहारींचा पट्टा साडेतीन सेंटीमीटरपेक्षाही थोडा कमी. मांसाहारींचा जेमतेम चार मिलिमीटर. शिकारी माशांसाठी 0.2 मिलिमीटर, ती तर टोकदार पेन्सिलीची रेघही नाही. पुस्तकातला मनोरा सुबक त्रिकोणी दिसतो, कारण तो मापात काढलेला नसतो. मापातला मनोरा म्हणजे लांब फळीवर ठेवलेली काडेपेटी आणि तिच्यावर उभी केलेली सुई. त्याच प्रमाणात झऱ्यावर वर्षभरात पडलेलं ऊन काढायचं, तर ते 17,00,000 किलोकॅलरी आहे. त्यासाठी 17 मीटर लांब कागद लागेल. तेव्हा उन्हातून वनस्पतींत जाताना एक शून्य उडवणं साफ चूक आहे. तिथे शंभरातला सुमारे एकच भाग अन्नात उतरतो, आणि मुलांची पहिली चूक बहुधा इथेच होते.

पण ही ऊर्जा जाते कुठे? वनस्पतींनी बनवलेल्या 20,810 पैकी 11,977 त्या स्वतःच श्वसनात वापरतात. निम्म्याहून जास्त अन्न बनवणाऱ्यानेच संपवलेलं असतं, आणि ही रक्कम कृतिपत्रिकेत कधीच दिसत नाही. उरतात 8,833. त्यांतले शाकाहारींच्या अंगी लागतात 3,368. बाकीची पानं खाल्लीच जात नाहीत, किंवा खाऊनही विष्ठेतून बाहेर पडतात. शाकाहारींनी मिळवलेल्यातले 1,890 त्यांच्या जगण्यात खर्च होतात. त्यांना खाणाऱ्या माशांचा खर्च तर 383 पैकी 316 आहे, म्हणजे शंभरातले ऐंशीहून जास्त. शिकारीमागे धावणं महाग पडतं. श्वसनात खर्च झालेली ऊर्जा नाहीशी होत नाही. ती उष्णता होऊन पाण्यात आणि हवेत पसरते आणि वनस्पतींना पुन्हा वापरता येत नाही. म्हणून ऊर्जेचा प्रवाह एकाच दिशेचा. पाणी, कार्बन, नत्र मात्र फिरून परत येतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी रक्कम. झडलेली पानं, विष्ठा, मेलेले जीव यांवर जगणारे जिवाणू आणि इतर विघटक या झऱ्यात 5,060 किलोकॅलरी घेतात. सगळ्या शाकाहारींपेक्षा दीडपट! वनस्पतींनंतर झऱ्यात सगळ्यात जास्त ऊर्जा यांच्याच हातातून जाते. पुस्तकात मात्र ते मनोऱ्याच्या कडेला, एका बारीक बाणाच्या टोकाला असतात, आणि घाईच्या वर्गात तो बाणही गळतो. आपल्या कागदावर त्यांचा चौकोन पाच सेंटीमीटरचा हवा.

ओडम यांचा हिशेब बरोबर आहे हे मुलांना स्वतः तपासता येतं. जमेच्या बाजूला वनस्पतींचे 20,810 आणि बाहेरून आलेले 486. नावेतून फिरणारे लोक माशांना पाव टाकत, तो या बाहेरच्या जमेत येतो. बेरीज 21,296. खर्चाच्या बाजूला श्वसन : वनस्पती 11,977, शाकाहारी 1,890, मांसाहारी 316, वरचे शिकारी 13, विघटक 4,600. हे झाले 18,796. आणखी 2,500 प्रवाहाबरोबर खाली वाहून जातात. एकूण पुन्हा 21,296. किराणा दुकानाच्या वहीसारखा ताळा जुळतो. विघटक गाळून बेरीज केली, तर 4,600 चा खड्डा पडतो आणि चूक आपोआप सापडते.

मग दहा टक्क्यांच्या नियमाचं काय? रेमंड लिंडमन या तरुण संशोधकाने मिनेसोटातल्या एका लहान तळ्याचा अभ्यास करून पायऱ्यापायऱ्यांनी ऊर्जा कशी कमी होते हे 1942 मध्ये मांडलं. लेख छापून येण्याआधीच, वयाची 27 वर्षं पूर्ण होण्यापूर्वी, तो वारला. त्याच्या तळ्यात शाकाहारींची कार्यक्षमता 13.3 टक्के निघाली होती आणि मांसाहारींची 22.3 टक्के. सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये 3,368 भागिले 20,810 केलं की सुमारे 16 टक्के येतात, पुढच्या पायरीला 11 आणि त्यापुढच्या पायरीला साडेपाच. दहा हा अंदाज चांगला आहे, पण तो ढोबळ सरासरीचा आकडा आहे. ज्या कृतिपत्रिकेत प्रत्येक पायरी बरोबर दहाची असते, तिथले आकडे कुणीतरी टेबलावर बसून तयार केलेले असतात.

आणखी एक गोंधळ वर्गात नेहमी दिसतो. मनोरे तीन असतात : संख्येचा, वजनाचा आणि ऊर्जेचा. एका वडाच्या झाडावर हजारो किडे जगतात, तिथे संख्येचा मनोरा उलटा होतो. समुद्रात सूक्ष्म शेवाळ इतक्या झपाट्याने वाढतं आणि खाल्लं जातं, की एखाद्या क्षणी त्याचं वजन ते खाणाऱ्या जीवांपेक्षा कमी भरू शकतं. वर्षभराच्या ऊर्जेचा मनोरा मात्र कधीच उलटत नाही. वरचा पट्टा खालच्यापेक्षा लांब आला, तर कुठेतरी गणित चुकलं आहे किंवा बाहेरून आलेलं अन्न मोजायचं राहिलं आहे. बाणांचंही तसंच. बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो, कारण तो ऊर्जेची दिशा दाखवतो. ‘कोण कोणाला खातं’ असं मनात म्हणत काढला, की तो हटकून उलटा येतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. पुढची कृतिपत्रिका करताना शून्यं उडवायचं एक उदाहरण कमी द्या. त्याजागी पट्टी, ए-फोर कागद आणि हे आकडे द्या. आणि मनोऱ्याशेजारी पाच सेंटीमीटर जागा विघटकांसाठी मोकळी ठेवा.