मुलींना लघवीला घाई नको

शाळेच्या परिचारिकेने पालकांना पाठवलेल्या सूचनेत दोनच मागण्या आहेत: पाण्यासाठी सुट्टी आणि स्वच्छतागृहात पुरेसा वेळ. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने शौचाच्या जागेचे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. भरपूर लघवी झाली की ते वाहून जातात. पण संडास घाण म्हणून मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही, किंवा अधांतरी बसून घाईने उठते. तेव्हा स्नायू सैल पडत नाहीत, थोडी लघवी आत उरते आणि तिच्यात जंतू वाढतात. बद्धकोष्ठतेनेही हेच होते. केरळमधील काही शाळांत 2019 मध्ये पाण्याची घंटा सुरू झाली. स्वच्छतागृहाविना ती अपुरीच. जळजळ, वारंवार लघवी किंवा ताप दिसला, तर लघवीची तपासणी लगेच करून घ्या.